उपवासाचं पीठ कुठे बिघडतं

२३ सप्टेंबर २०२५, नवरात्राचा दुसरा दिवस. पहाटे सहाच्या सुमारास उत्तर दिल्लीतल्या जहांगीरपुरीच्या सरकारी रुग्णालयात उलट्यांनी हैराण झालेली माणसं येऊ लागली. कोणी महेंद्र पार्कातून आलं होतं, कोणी भलस्वा डेअरीतून, तर कोणी समयपूरहून. वस्त्या वेगवेगळ्या होत्या, पण सगळ्यांनी खाल्लं होतं कुट्टूच्या पिठाचं. बघता बघता आकडा दीडशे-दोनशेच्या घरात गेला. सुदैवाने कोणाची प्रकृती गंभीर झाली नाही. त्याच वर्षी चैत्र नवरात्रात डेहराडूनला शंभराहून अधिक लोक असेच आजारी पडले होते. २०११ च्या चैत्रात दिल्ली आणि पश्चिम उत्तर प्रदेशातही हेच घडलं होतं. दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना आता नवरात्र आलं की ही बातमीही येणार, याची जणू सवयच झाली आहे.

महाराष्ट्रात कुट्टू फारसा कोणी खात नाही. उत्तरेत मात्र नवरात्र म्हणजे कुट्टूच्या पुऱ्या आणि पकोडे. ही वनस्पती गवताच्या कुळातली नाही. आपण ज्याची आंबट भाजी करतो त्या चुक्याच्या कुळातली आहे. म्हणून तिचं बी धान्यात मोजत नाहीत आणि ते उपवासाला चालतं. उत्तराखंड, हिमाचल आणि ईशान्येकडच्या डोंगरांत ती पावसाळ्यात पेरतात आणि शरद ऋतूत कापतात. बी तिकोनी, गडद तपकिरी आणि कडक टरफलाचं असतं.

ते दळताना पाहायला मी नवरात्राआधी उत्तर दिल्लीतल्या एका चक्कीवर गेलो. वर्षभर गहू दळणाऱ्या या चक्कीवर कुट्टू येतो तो मुख्यतः दोन्ही नवरात्रांच्या तोंडावर. मालकाने पोतं ताडपत्रीवर रिकामं केलं आणि आधी चाळायला घेतलं. चाळणीतून खडे, काड्या आणि तणांचं बी निघालं. मग पाट्यांमधलं अंतर वाढवून दाणा नुसता भरडला. टरफल फुटलं, ते पाखडून वेगळं केलं आणि आतली पांढरट गिरी पाटे जवळ आणून बारीक दळली. थोडं टरफल राहतंच, म्हणून कुट्टूचं पीठ राखाडी आणि काळ्या ठिपक्यांचं दिसतं. गव्हाच्या पिठात काळा ठिपका दिसला तर बाई दुकानदाराला जाब विचारेल. या पिठात ठिपके असतातच, त्यामुळे त्यांच्याआड काहीही लपू शकतं.

पाट्यातून पडणारं पीठ हाताला चांगलंच गरम लागत होतं. मालकाने ते परातीत पसरून ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाला, "गरम भरलं की पिशवीला आतून घाम येतो साहेब, दोन दिवसांत गुठळी धरते." घाई असलेले लोक गरम पीठच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधतात, हे त्याने आवाज खाली आणून सांगितलं. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. चैत्रात उरलेलं पीठ काही दुकानदार शरदातल्या नवरात्रापर्यंत ठेवतात आणि ताज्यात मिसळून खपवतात. मधला काळ पावसाळ्याचा.

माझ्या मते खरी गोम या कॅलेंडरात आहे. डोंगरातलं नवं पीक हाती येत असतं तेव्हाच शारदीय नवरात्र सुरू होतं. तेव्हा बाजारात आधी येतो तो बहुधा गेल्या वर्षीचा दाणा, एक पूर्ण पावसाळा गोदामात काढलेला. धान्यात साधारण १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर बुरशी वाढत नाही. तो १४ टक्क्यांच्या वर गेला की तिला रान मोकळं मिळतं. दाण्यावर टरफलाचं संरक्षण तरी असतं. दळल्यावर तेही जातं, आणि पीठ हवेतला दमटपणा दाण्यापेक्षा कितीतरी लवकर ओढून घेतं. शिवाय कुट्टूत थोडं तेल असतं. ते हवा लागून खवट होतं. खवट पिठाने पोट बिघडतं, पण रांगेने माणसं रुग्णालयात नेणारं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं.

ते म्हणजे बुरशीने सोडलेली विषद्रव्यं. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरशी अशी द्रव्यं तयार करतात की खाणाऱ्याला उलट्या तर होतातच, पण चक्कर येते आणि हातपाय थरथरतात. बुरशी उष्णतेने मरते, मात्र तिचं विष पुरी तळली तरी बहुतांशी तसंच राहतं. पीठ चाळलं तर जाळी-गुठळ्या निघतात, विष चाळणीतून खाली उतरतं. त्यामुळे "चाळून घेतलंय, चांगलं तळलंय" या दोन्ही गोष्टींवर विसंबून राहता येत नाही. बुरशी धरलेल्या भरड धान्याचं विष किती तीव्र असू शकतं, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडला दिसलं. शेतातला कोदो खाऊन तिथे दहा हत्ती मेले, आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक ॲसिड हे बुरशीजन्य विष सापडलं.

दुसरं कारण आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ते म्हणजे धोतरा. युरोपात स्लोव्हेनियामध्येही कुट्टूचं पीठ आवडीने खातात. २००३ मध्ये तिथे त्याच पिठाने ७३ जणांना विषबाधा झाली. शेतात तण म्हणून वाढलेल्या धोतऱ्याचं बी कापणीत मिसळून दळणात गेलं होतं. याची लक्षणं वेगळी असतात: तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या होऊन अंधुक दिसणं, अंग तापून लाल होणं, भ्रम. उपवासाच्या विषबाधेत असा रुग्ण आला तर डॉक्टरांना कोरडं तोंड आणि बाहुल्या यांची माहिती जरूर द्यावी. अख्ख्या दाण्यात धोतऱ्याचं चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं बी निवडताना डोळ्याला दिसतं. तिकोनी दाण्यात ते उपरं वाटतं. दळल्यावर मात्र ते ठिपक्यांपैकी एक ठिपका होऊन जातं.

एकाच वेळी इतकी माणसं का आजारी पडतात, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. एका खराब क्विंटलचं पीठ पाव-पाव किलोच्या पुड्यांत बांधलं तर ४०० पुड्या होतात. घरटी चार माणसं धरली तर ते सोळाशे पोटांत जातं, आणि तेही एकाच दिवशी, कारण उपवास सगळ्यांचा एकाच दिवशी असतो. गव्हाच्या खराब पोत्याचं पीठ महिनाभरात, वेगवेगळ्या घरांत, थोडं थोडं खपतं. कोणाला काही कळतही नाही. शिवाय इथे दिवसभराच्या रिकाम्या पोटी तेलकट पुरी जाते.

महाराष्ट्रात कुट्टूची ही जागा भगरीने घेतली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा गावी हरिनाम सप्ताहात एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरेना, म्हणून झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ती छायाचित्रं अनेकांना आठवत असतील. त्याच महिन्यात नांदेडच्या लोहा तालुक्यात आंबील-भगरीच्या महाप्रसादानंतर बाधितांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. राज्याचं अन्न व औषध प्रशासन भगरीबाबत दरवर्षी जी सूचना काढतं तिच्यात ॲस्परजिलस बुरशीचं आणि तिच्यापासून होणाऱ्या फ्युमिगॅक्लेव्हिन या विषाचं नाव घेऊन इशारा असतो. वरईचं पीकही पावसाळी. ते दिवाळीच्या आगेमागे निघतं, म्हणजे आषाढी, श्रावण, नवरात्र या उपवासांच्या ऐन हंगामात दुकानात असते ती जुनी, पावसाळी हवेत ठेवलेली भगर.

प्रसादाच्या बाबतीत एक शक्यता आणखी जोडावी लागते. मोठ्या कढईत सकाळी शिजवलेली भगर झाकून दुपारपर्यंत कोमट राहिली तर तिच्यात जिवाणू वाढतात. त्यांच्यापैकी काहींचं विषही पुन्हा गरम केल्याने जात नाही. शिजल्यापासून दोन तासांत वाढणं होत नसेल तर ती वाफाळती गरम राहील अशी सोय हवी, नाहीतर टप्प्याटप्प्याने शिजवावी. सप्ताहाच्या आचाऱ्याला हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगावं.

आता खरेदीचं. माझा सल्ला एका ओळीचा आहे: उपवासाचं पीठ विकत घेऊ नका, दाणा घ्या. कुट्टूची सोललेली गिरी किराणा दुकानात मिळते. ती ताटात पसरून निवडा आणि लागेल तेवढी घरच्या मिक्सरवर दळा. भगर सुटी न घेता पाकिटातली घ्या, निवडा, दोन-तीन पाण्यांनी धुवा. मूठभर दाणे झाकणाच्या डब्यात घालून थोडा वेळ ठेवा आणि झाकण काढून वास घ्या. कुबट, ओलसर मातीसारखा वास आला, दाणे एकमेकांना चिकटलेले किंवा करडे-हिरवट दिसले, तर दुकानात परत द्या. पण नाकाला काही कळलं नाही म्हणून माल निर्धोक, असं नाही. शेंगदाण्याचं कूटही तयार घेऊ नये. अख्खे दाणे आणून सुरकुतलेले, काळपट दाणे काढून टाकावेत. साबुदाणा आणि राजगिऱ्याबद्दल मला तितकी काळजी वाटत नाही, कोरडे ठेवले म्हणजे झालं.

पीठच घ्यावं लागलं तर पाकिटावर १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते पाहा, आणि तारीख वाचताना सावध राहा. पॅकिंगची तारीख म्हणजे दळल्याची तारीख नव्हे. जुनं पीठ काल पाकिटात भरलं तरी पाकीट कालचंच दिसतं. उत्तराखंडने डेहराडूनच्या प्रकारानंतर कुट्टूचं पीठ सुटं विकायला मनाई केली आणि पाकिटावर दळल्याची तारीखही मागितली. हा नियम भगरीच्या पिठालाही लागू करायला हवा.

घरी दळलेलं पीठ पूर्ण गार करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि आठवड्याभरात संपवा. जास्त ठेवायचं तर फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बाहेरची दमट हवा गार पिठावर पाणी सोडते. नवरात्र संपलं की उरलेलं पीठ पुढच्या उपवासासाठी जपून ठेवू नये.

आणि तरीही घरात दोघा-तिघांना एकदम मळमळ, चक्कर, थरथर सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालयात जा. जाताना उरलेलं पीठ किंवा भगर आणि तिचं पाकीट फेकून देऊ नका. ते पिशवीत घालून सोबत न्या आणि दुकानाचं नाव सांगा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या विनाशुल्क क्रमांकावर कळवा. त्या पोत्यातली बाकीची पाकिटं अजून दुकानात असतात.