पेन्शन तीन हजार, जोडीला सोसायटीचे हिशेब

खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला 'ईपीएस-95'ची पेन्शन मिळते. तिचं गणित साधं आहे: पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. प्रत्यक्ष पगार कितीही असो, धरायची मर्यादा 2014 च्या ऑगस्टपर्यंत 6,500 रुपये होती, नंतर 15,000 झाली. त्यामुळे पंचवीस वर्षं खपलेल्या अनेकांच्या हातात महिन्याला तीन हजारांच्या आसपासच पडतात. सरकारी पेन्शनसारखा महागाई भत्ता इथे नाही. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेले, तर बारा वर्षांत या तीन हजारांची किंमत निम्मी होते. औषधांचं बिल मात्र दरवर्षी चढतंच.

मग काम शोधायचं. सहज मिळतं ते वॉचमनचं, पण बारा-बारा तासांची पाळी आणि रात्रीचं जागरण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याला झेपत नाही. वाढलेला पगार डॉक्टरकडे जातो. घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या जाहिराती तर 'आधी नोंदणी फी भरा' म्हणाल्या की तिथेच सोडून द्याव्यात.

हिशेब खात्यात उमर गेलेल्यांसाठी एक बरं काम आहे, ते म्हणजे छोट्या गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिणं. समजा, नाशिकच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाईंनी शेजारच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचं काम घेतलं. शेजारच्या म्हणजे शेजारच्याच. स्वतःच्या सोसायटीत पैशाचे व्यवहार अंगावर घेऊ नयेत, जिन्यात भेटणारा प्रत्येक जण बिलावरून अडवतो. महिन्याला मेंटेनन्सची बिलं काढायची, पावत्या आणि व्हाउचर कॅशबुकात चढवायचे, बँकेशी ताळमेळ घालायचा. सवय झाली की सगळं मिळून आठ तास. दीड हजार रुपये ठरले, त्यातले दोनशे कागद-प्रिंटिंगला गेले, तर तासाला 160 रुपयांच्या वर पडतात. आठ तास हवे तसे विभागता येतात, हे मला पैशांहून मोलाचं वाटतं.

खरा वेळ खातो तो ताळमेळ. हल्ली मेंटेनन्स मोबाइलवरून येतो. फ्लॅट आजोबांच्या नावावर, पैसे पाठवतो पुण्यातला नातू, आणि बँकेच्या उताऱ्यात दिसतं फक्त नातवाचं नाव. अंदाजाने कुणाच्या तरी खात्यात जमा केलं की दोन घरांची थकबाकी चुकते. ओळख पटेपर्यंत रक्कम वेगळ्या तात्पुरत्या खात्यात ठेवावी आणि खजिनदाराला विचारावं. महिनाअखेर वहीतली शिल्लक आणि बँकेची शिल्लक यांतला फरक न वटलेल्या चेकांनी आणि अजून न चढवलेल्या नोंदींनी पूर्ण उलगडला पाहिजे. पन्नास रुपयेही उरले, तर कुठेतरी चूक आहे.

दुसरी भांडणाची जागा थकबाकीवरचं व्याज. आदर्श उपविधींनुसार ते जास्तीत जास्त वर्षाला 21 टक्के, आणि तेही सरळव्याज. सहा हजार थकले, तर महिन्याला 105 रुपये. संगणकातलं सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात व्याजासकट 6,105 वर व्याज लावतंय का, ते पहिल्याच बिलात तपासावं.

काम घेतानाच कमिटीकडून पत्र घ्यावं. त्यात लिहिलेलं असावं की चेकवर सही आणि रोख वसुली हिशेब लिहिणाऱ्याकडे नाही. रोख हातात घेतली की एका हरवलेल्या पावतीने आयुष्यभराची पत जाते. मोबदलाही बँकेतूनच घ्यावा. अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर सुरू झालेली ही पेन्शन अशा कमाईमुळे बंद होत नाही; फक्त हयातीचा दाखला वर्षातून एकदा वेळेवर द्यावा लागतो.

तब्येतीचा त्रास इथेही आहे, पण तो ओळखता येतो. दुहेरी काचांच्या चष्म्यातून स्क्रीन पाहताना हनुवटी वर उचलली जाते आणि आठवडाभरात मान धरते. नेत्रतज्ज्ञांकडून संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठावं. लिफ्ट नसेल, तर फाइल खाली आणून देण्याची जबाबदारी पत्रातच कमिटीवर टाकावी.

दोनांपेक्षा जास्त सोसायट्या मात्र घेऊ नयेत. महिन्याचे तास पाहता चारही जमतील असं वाटतं, पण सगळ्यांचं वर्ष 31 मार्चलाच संपतं. ऑडिट जुलैअखेर, वार्षिक सभा सप्टेंबरअखेर, म्हणून सगळे ताळेबंद एप्रिल-मेच्या उन्हात एकदमच मागितले जातात. त्याची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळी ठरवावी, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंच असेल तर ते त्या दोन महिन्यांत धरू नये.