फीडमधली कोल्हापुरी

गुगलच्या शॉपिंग जाहिरातीत कीवर्ड निवडता येत नाहीत. कोणत्या शोधाला आपली वस्तू दाखवायची, हे गुगल मर्चंट सेंटरला दिलेल्या फीडवरून ठरवतं. त्यामुळे ‘केसी-204 नवीन स्टॉक’ हे दुकानातल्या वहीतलं नाव तिथे निरुपयोगी ठरतं. त्याऐवजी ‘कोल्हापुरी चप्पल, पुरुषांसाठी, अस्सल चामडं, तपकिरी, साईज 8’ असं लिहावं. शीर्षकाला 150 अक्षरांची मर्यादा आहे, पण जाहिरातीत बहुतेकदा सुरुवातीचाच भाग दिसतो. म्हणून वस्तूचं नाव आधी, साईज शेवटी. ‘फ्री डिलिव्हरी’ शीर्षकात घालू नये, ते नियमात बसत नाही.

वर्ग गुगल स्वतःच लावतं, पण चुकू शकतं. चप्पल पादत्राणांऐवजी हस्तकलेच्या वस्तूंत गेली, तर `google_product_category` मध्ये योग्य वर्ग आपण भरावा.

फोटोवर दुकानाचा वॉटरमार्क किंवा ‘50% सूट’ असेल, तर वस्तू नामंजूर होऊ शकते. साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर पूर्ण जोड दिसावा.

बदल केल्यावर काही आठवड्यांनी गुगल ॲड्समधला सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा. तिथे ‘चप्पल स्टँड’ शोधणाऱ्यांचे क्लिक दिसत असतील, तर तो शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका.