दाव्यांची बेरीज

समजा, वाहनविम्याचे महिन्याला सरासरी १०० दावे येतात. दाव्याची सरासरी २० हजार, प्रमाण विचलन १५ हजार. दाव्यांचा आकडा आधी कळला असे धरले, तर अपेक्षित बेरीज आकडा गुणिले २० हजार. त्याची सरासरी २० लाख.

चढउताराचे मात्र दोन भाग पडतात. आकडा ठरल्यावरही रकमा बदलतात. हजारांत मोजल्यास ते प्रचरण १००×२२५, म्हणजे २२,५००. शिवाय आकडाच हलतो. प्वासाँ वितरणात त्याचे प्रचरण १००, म्हणून १००×४०० = ४०,०००. एकूण ६२,५००, वर्गमूळ २५०. म्हणजे अडीच लाख. आकडा पक्का धरणाऱ्याला दीडच लाख दिसतात!

पुरात दावे आणि रकमा एकदमच वाढतात. तिथे हे सूत्र धोका कमी दाखवते.