टपरी बंद करतोय, मंडळी

येत्या ३१ मार्चला संध्याकाळी सात वाजता शेवटचं आधण उतरेल आणि आमच्या पेठेतली ही चहाची टपरी कायमची बंद होईल. कारण साधं आहे. पहाटे चारला उठून दिवसभर उभं राहणं आता गुडघ्यांना झेपत नाही. मुलांनी आपापली वाट धरली आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. कुणी उठवलं म्हणून मी जात नाही, की धंदा बसला म्हणूनही नाही.

महिनाभर आधी सांगतोय, कारण टपरीवर फक्त माझं पोट नाही. दूधवाल्याचा रोजचा रतीब थांबला की तेवढ्या दुधाला त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागतं. म्हणून सगळ्यांत आधी त्याला सांगितलं, मग खारी आणि क्रीमरोल देणाऱ्या बेकरीला. माझ्या हाताखालच्या मुलाला पुढच्या चौकातल्या टपरीवर एक तारखेपासून काम मिळालं आहे. हे जुळल्यावरच दुकानावर पाटी लावली.

आता वहीचं. ज्यांच्याकडे उधारी आहे त्यांनी सवडीने द्यावी. नाही जमलं तर मी हाक मारणार नाही. पण ज्यांनी महिन्याचे पैसे आगाऊ दिले आहेत त्यांनी उरलेले आठवणीने घेऊन जावेत, ते तुमचे आहेत. २०२० साली टाळेबंदीत टपरी बंद होती, तेव्हा तुमच्यातल्या काहींनी पुढच्या चहाचे पैसे घरी आणून दिले होते. त्यावर आमचं किराणा सामान भरलं. त्यातल्या काहींनी ते चहा नंतर कधी मोजून घेतलेच नाहीत. ती पानं मी फाडलेली नाहीत.

जागेबद्दल पुष्कळ जण विचारतात, काहींनी रक्कमही सांगितली. पण ही जागा विकायला माझी नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रीचं प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. विक्रेता वारला किंवा कायमचा आजारी पडला, तर त्याच्या पतीला, पत्नीला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला मुदत संपेपर्यंत तिथे बसता येतं. आमच्या घरात कुणी बसणार नाही, म्हणून प्रमाणपत्र पालिकेला परत करतोय. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने रीतसर अर्ज करावा. कुणाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नयेत, असे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत.

राहिला चहा. तो कसा करतो हे इतक्यांनी विचारलं की जाताना सांगूनच जातो. एक लिटर पाणी, एक लिटर म्हशीचं दूध, साधारण चाळीस ग्रॅम बारीक पत्ती आणि साखर तुमच्या चवीने. पत्ती दाणेदार सीटीसीचीच घ्यायची. यंत्राने चुरून वळलेली ही पत्ती १९३० च्या दशकात आसामात सुरू झाली. ती लवकर रंग सोडते आणि दुधात फिकी पडत नाही. आलं ठेचून आधी पाण्यात घालायचं आणि खळखळून उकळू द्यायचं. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटतं, कारण आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारा एक पाचक घटक असतो आणि तो उकळल्यावरच निकामी होतो. मग साखर आणि पत्ती घालून दोन-तीन मिनिटं उकळायचं, आणि त्यानंतर वेगळं तापवलेलं दूध ओतायचं. रंग विटकरी झाला आणि चहा दोनदा वर आला की उतरवून लगेच गाळायचा. पत्तीवर तसाच राहिलेला चहा कडू होतो, मग वर कितीही साखर घाला.

उन्हाळ्यात आलं नीट उकळूनही चहा फाटला तर दोष दुधाचा. चमचाभर दूध वेगळं तापवून बघायचं. गुठळ्या दिसल्या तर ते दूध चहात घालायचं नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. अशा वेळी मी कोरा चहा दिला, आणि तुम्ही तो कुरकुर न करता प्यायलात. पावसात छपराखाली दाटीवाटीने उभे राहिलात, सुट्टे नसले की एकमेकांचे भरलेत, माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा आपापले ग्लास स्वतः विसळलेत. या सगळ्याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे.

एप्रिलपासून चहासाठी पुढच्या चौकात जा. तिथला माणूस हात राखून आलं घालत नाही. विसरलेल्या छत्र्या, डबे आणि एक हेल्मेट माझ्याकडे आहे. ३१ तारखेच्या आत ओळख पटवून घेऊन जा.