काल झिणझिण्या, आज शॉक

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सकाळी काम सुरू होण्याआधी फोरमन शिकाऊ पोरांना जमवून दहा मिनिटं बोलतो. यालाच टूलबॉक्स टॉक म्हणतात. पावसाळ्यात ही दहा मिनिटं पत्र्याच्या बॉडीच्या जुन्या ड्रिल मशीनवर खर्च करावीत, असं माझं ठाम मत आहे.

या मशीनची वायर सर्वात आधी झिजते ती बॉडीत शिरते तिथे. वरचं रबर फाटतं आणि आतली हिरवी अर्थिंगची तार तुटते. तरी मशीन फिरतंच, कारण फिरायला अर्थिंग लागत नाही. त्यात फेजच्या तारेचं आवरण सोललं आणि ती बॉडीला टेकली, की हातात धरलेला पत्राच लाइव्ह होतो. हात कोरडे आणि पायात रबरी बूट असले, तर नुसत्या झिणझिण्या येतात. पोरं म्हणतात, “थोडं मारतंय, पण चालतंय.” ते मशीन त्याच क्षणी बाजूला काढायला हवं.

कारण दाब 230 व्होल्टच राहतो, बदलते ती कातडी. कोरड्या हातासह शरीराचा रोध 50,000 ओहम धरला, तर अंगातून 4.6 मिलिअँपिअर करंट जातो. हात घामाने किंवा पावसाने भिजले, जमीनही ओली असली, तर रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो आणि करंट 230 मिलिअँपिअरवर जातो. साधारण दहाच्या पुढे स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही. पन्नासच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे 6,000 मिलिअँपिअर, त्यामुळे माणूस चिकटला तरी तो पडत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो, म्हणून शेडच्या बोर्डात तो हवाच. पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, अंगातून जमिनीकडे काही गेलं नाही, तर त्यालाही काही कळत नाही.

फाटक्या जागी चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. आतली तुटलेली हिरवी तार त्याने जुळत नाही. तीन तारांची नवी वायर टाकायची आणि प्लगच्या मोठ्या पिनेपासून बॉडीपर्यंत अर्थिंग सलग आहे का, ते मीटरने बघायचं.

बोर्डात हात घालताना नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज राहतो. मेन पाडा, कुलूप लावा, किल्ली आपल्या खिशात ठेवा. मग मीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, नंतर कामाच्या जागी लावा आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर बघा, कारण मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल तर तो शून्यच दाखवेल.

आणि फोरमननो, झिणझिण्या आल्याचं सांगायला आलेल्या पोराला परत कामाला पाठवू नका. आधी मशीनचा प्लग काढा.