चौथा माणूस खरंच गेला का?

भोसरीतला एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. सीएनसी मशीनवर सुटे भाग बनतात. १ एप्रिलला पटावर २४ माणसं होती. वर्षभरात ६ जण सोडून गेले, ५ नवे आले आणि ३१ मार्चला २३ उरले. गळतीचा दर, म्हणजे ॲट्रिशन रेट, काढायला एवढी माहिती पुरते. सुरुवातीची आणि शेवटची संख्या मिळवून निम्मी केली की सरासरी २३.५ येते. गेलेल्या ६ जणांना तिने भागून शंभराने गुणलं की २५.५ टक्के. कंत्राटदाराकडची माणसं पटावर नसतात. ती धरायची असतील तर वर आणि खाली दोन्हीकडे धरावीत. फक्त 'गेलेल्यां'त धरली की दर उगाच फुगतो.

साडेपंचवीस टक्के ऐकून मालक म्हणतात, "म्हणजे दर चौथा माणूस गेला!" तसं झालेलं नाही. हजेरीपट उघडून नावं बघा. सहातले तिघे पॅकिंगच्या एकाच जागेवरचे आहेत: जुना गेला, त्याच्या जागी आलेला चार महिन्यांत गेला, त्यानंतरचाही टिकला नाही. उरलेल्या तिघांपैकी एक निवृत्त झाला आणि दोन ऑपरेटरांनी राजीनामा दिला. म्हणजे एप्रिलमध्ये होते त्या २४ जणांपैकी गेले फक्त चार. वीस जण, म्हणजे ८३ टक्के, जागच्या जागी आहेत. गळतीचा दर आणि टिकलेल्यांचं प्रमाण यांची बेरीज शंभर होईलच असं नाही, कारण वर्षाच्या मध्ये येऊन गेलेला माणूस पहिल्या हिशेबात येतो, दुसऱ्यात येतच नाही.

निवृत्त झालेला वगळला तर स्वतःहून सोडणाऱ्यांचा दर २१.३ टक्के. त्यातला मोठा वाटा त्या एका जागेचा. तिथे पगार कमी आहे, पाळी गैरसोयीची आहे की सुपरवायझरशी जमत नाही, ते आकडा सांगत नाही. पण चौकशी कुठून सुरू करायची ते नावं सांगतात. उलट ते दोन ऑपरेटर मशीन सेट करणारे असतील, तर खरं नुकसान तिथे आहे. सूत्राला मात्र सेटर आणि हेल्पर सारखेच.

गेल्या वर्षी चौघे गेले होते, यंदा सहा. 'गळती दीडपट' असं म्हणायचा मोह होतो. पण एवढ्या लहान पटावर एक माणूस म्हणजे सव्वाचार टक्के. कुणाच्या लग्नाने, कुणाच्या गावाकडच्या शेतीनेही चाराचे सहा होतात. एका महिन्याचा दर बाराने गुणणं तर त्याहून फसवं. एप्रिलमध्ये दोघे गेले तर त्या हिशेबाने वर्षात अख्खा कारखाना रिकामा!

राजीनाम्यात बहुतेक जण 'घरगुती कारण' लिहितात. त्यामुळे पटावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि जागा असे तीन रकाने ठेवावेत, आणि पॅकिंगवर आता चौथा माणूस आहे, त्याच्याशी तो जायच्या आधीच बोलून घ्यावं.