९.८०२१३८ या उत्तरात काय चुकलं?

अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलची वही हल्ली बऱ्याचदा फोटोतूनच सरांपर्यंत पोहोचते. समजा, साध्या लोलकाचा प्रयोग आहे. लांबी ८०.० सेंमी, वीस आंदोलनांना वेळ ३५.९ सेकंद, सूत्र g = 4π²L/T², आणि खाली चौकटीत उत्तर: ९.८०२१३८. आकडेमोड बरोबर आहे, पण उत्तर असं सोडता येत नाही.

मोजपट्टीने आणि घड्याळाने तीन-तीनच सार्थक अंक दिले आहेत. गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थक अंक असलेल्या मापाइतकेच अंक उत्तरात राहतात, म्हणून ९.८०. पुढचे चार अंक नुसते कॅल्क्युलेटरचे. (‘वीस’ हा आकडा मोजून घेतलेला, म्हणजे अचूक, त्याला दोन अंकी माप समजून उत्तर ९.८ करू नये.)

याच वहीत उत्तर ९.७५ असतं तर? मग नजर वर न्यायची. एका आंदोलनाचा काळ १.७९५ सेकंद येतो. मुलाने तो तिथेच १.८० केला असेल, तर वर्ग करताना ती चूक दुप्पट होते आणि उत्तर नेमकं ९.७५ येतं. मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक जास्तच ठेवावेत आणि पूर्णांकन एकदाच, शेवटी करावं. π ऐवजी ३.१४ घेतलं तरी उत्तर ९.७९ वर घसरतं.

फोटोची खरी पंचाईत दशांश चिन्हाची. फिकट पेनचा ठिपका वहीच्या रेघेत हरवतो आणि ८०.० चे ८०० दिसतात. एककातला वर्ग पानाच्या शिवणीत जातो आणि मी/से² चं मी/से होतं. त्यातून g ची किंमत तपासणाऱ्याला तोंडपाठ, त्यामुळे पुसट आकडासुद्धा डोळे ९.८ असाच वाचतात. म्हणून उत्तरापासून सुरुवात न करता निरीक्षण तक्त्यातली मापं घेऊन गणित स्वतः करून पाहावं. तक्ता फोटोत नसेल तर तो मागवावा. ९८० मी/से² असं उत्तर दिसलं, तर बहुधा लांबी सेंटीमीटरमध्येच राहिली आहे आणि एकक सवयीने लिहिलंय.

सार्थक अंकांचा नियम मात्र ढोबळच. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाला ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ३५.९ मध्ये ती अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त, आणि वर्गामुळे g मध्ये सुमारे एक टक्का, म्हणजे ०.१. मोबाइलच्या घड्याळाने ३५.९१ दाखवलं तरी बोट तेवढं अचूक होत नाही. तेव्हा चुकीचा हिशेब मांडून कुणी ९.८ ± ०.१ मी/से² लिहिलं असेल, तर ‘एक अंक कमी’ म्हणून त्याचा मार्क कापू नये.